कुंथूनही पोट साफ न होणं: डिफेकोग्राफीत एकत्र सापडलेल्या चार दोषांचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे वैयक्तिक तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत.

पार्श्वभूमी

बाईंचं वय 52. दोन बाळंतपणं नैसर्गिक मार्गाने झालेली, त्यातल्या पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला होता. 44व्या वर्षी गर्भाशय काढलेलं. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास नाही, बद्धकोष्ठता वाढवणारं कोणतंही औषध चालू नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा तक्रार जुनी झाली होती आणि कागदांची फाइल जाडजूड होती. त्यात मल मऊ करणारी औषधं होती, आतड्याची हालचाल वाढवणारी होती, फायबरची पावडर होती. कोलोनोस्कोपीत गाठ किंवा सूज आढळली नव्हती. मलाशयाच्या पुढच्या भिंतीवर थोडी लाली मात्र दिसली होती. तिथल्या तुकड्याच्या तपासणीत कर्करोग नव्हता, पण त्या जागी वारंवार ताण आणि घर्षण होत असल्याच्या खुणा होत्या.

ही लाली अहवालात एका ओळीत नोंदली गेली आणि पुढे कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. खरं तर पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पहिला धागा तोच होता. मलाशयाची भिंत आतल्या आत घडी पडून खाली घसरत असेल, तर तिचं टोक प्रत्येक वेळी दाबलं जातं, त्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि तिथे लाली, पुढे कधी व्रणही होतो.

तक्रार नेमकी काय होती

फाइलमध्ये सगळीकडे ‘जुनी बद्धकोष्ठता’ लिहिलेलं होतं. पण बाई सांगत होत्या ते वेगळं होतं. मल मऊ होता, रोज शौचाची भावना होत होती, तरी बाहेर येत नव्हतं. थोडंसं झालं की वाटायचं, अजून आहे. उठायचं, पंधरा मिनिटांनी परत जायचं, परत कुंथायचं. सकाळी चार-पाच फेऱ्या होत. कधी नुसता चिकट स्राव पडायचा, कधी रक्ताचा ठिपका.

सहकारी फिजिओथेरपिस्टने एकटीला बसवून विचारलं, “ताई, मल बाहेर यावा म्हणून हाताने कुठे दाबावं लागतं का?” बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हो. योनीतून मागे दाबलं की थोडं सुटतं. आजवर कुणी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही.”

योनीच्या मागच्या भिंतीवर बोट दाबल्यावर मल सुटतो, याचा अर्थ मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगते आणि मल तिथे अडकतो. हा रेक्टोसील. पण एवढ्याने सगळं समजत नव्हतं. बोटाने तो फुगवटा रिकामा केल्यावरही ‘अजून आहे’ ही भावना जात नव्हती. म्हणजे अडथळा एकच नव्हता.

पहिली तपासणी आणि तिची मर्यादा

आमच्याकडे येण्याआधी एमआर डिफेकोग्राफी, म्हणजे मल बाहेर टाकतानाचं एमआर चित्रण, झालेलं होतं. त्यात मलाशयात जेल भरतात आणि रुग्णाला यंत्रात पाठीवर झोपवून ते बाहेर टाकायला सांगतात. अहवाल म्हणत होता: लहान रेक्टोसील, बाकी लक्षणीय काही नाही.

आम्ही त्या तपासणीची मूळ चित्रं मागवली. शेवटच्या चित्रातही मलाशय जवळजवळ भरलेलंच होतं. आडवं पडून, अनोळखी माणसांसमोर, त्या अरुंद नळीत बाईंना जेल टाकता आलंच नव्हतं. म्हणजे मल बाहेर टाकण्याची क्रिया तपासली गेलीच नव्हती. मलाशयाची आतली घडी बहुधा मलाशय रिकामं होत आल्यावरच पडते. भरलेलं मलाशय आतून भिंतींना ताठ धरून ठेवतं. म्हणून जेल आतच राहिलेल्या चित्रावर ‘घडी दिसली नाही’ असं लिहिलं असेल, तर त्याने घडी नसल्याचं सिद्ध होत नाही.

एमआरचे फायदे खरे आहेत. क्ष-किरण लागत नाहीत, मूत्राशय, योनी आणि स्नायू एकाच चित्रात दिसतात. पण झोपलेल्या स्थितीत घडी आणि खाली उतरणारं लहान आतडं प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची शक्यता असते. हा पहिला निर्णयाचा टप्पा होता. एकतर तीच तपासणी पुन्हा करायची, या वेळी जेल बाहेर पडेपर्यंत थांबून. नाहीतर बसून करायची क्ष-किरण डिफेकोग्राफी. आम्ही दुसरी निवडली, कारण बाईंचा त्रास बसल्यावरच होत होता.

बसून केलेली तपासणी

तपासणीच्या तासभर आधी बेरियमचं द्रावण प्यायला दिलं, म्हणजे लहान आतडं चित्रात उठून दिसतं. मलाशयात घट्ट मलासारखी बेरियमची पेस्ट, साधारण 250 मिलिलिटर. योनीतही चित्रात उठून दिसणारं थोडं कॉन्ट्रास्ट द्रव्य, म्हणजे मलाशय आणि योनी यांच्यात किती अंतर आहे ते कळतं. मग क्ष-किरण यंत्रापुढे कमोडसारख्या आसनावर बसवून बाजूने चित्रण. पडदा लावला आणि खोलीत फक्त तंत्रज्ञ व एक परिचारिका थांबली. हा साधा बंदोबस्त तपासणीचा निकाल बदलू शकतो, हे अनुभवाने सांगतो.

आलेला लेखी अहवाल असा होता: रेक्टोसील 3.5 सेंटीमीटर, तिसऱ्या श्रेणीचं अंतर्गत इंटससेप्शन म्हणजे मलाशयाची आतली घडी, एन्टेरोसील म्हणजे खाली उतरणारं लहान आतडं, अपूर्ण रिकामं होणं. हे सगळं बरोबर होतं. पण चारही गोष्टी एका ओळीत आल्या की त्या एकाच तोलाच्या वाटतात, आणि कोणती आधी घडली ते कळत नाही. म्हणून चित्रफीत मागवून सावकाश पाहिली.

सुरुवातीला, स्वस्थ बसलेल्या स्थितीत, मलाशय आणि गुदमार्ग यांच्यातला कोन 95 अंशांच्या आसपास होता. हे सामान्यच. बाईंनी जोर लावला. इथे हा कोन उघडायला हवा, मागून धरून ठेवणारा प्युबोरेक्टॅलिस स्नायू सैल पडायला हवा आणि गुदमार्ग रुंद व्हायला हवा. घडलं उलट. मागच्या भिंतीवर त्या स्नायूचा खळगा अधिक खोल झाला, कोन 85 अंशांवर आला. गुदमार्ग पेन्सिलीइतकाही उघडला नाही. मागे वाट बंद, म्हणून दाब पुढे वळला आणि पुढची भिंत योनीकडे फुगत गेली. 3.5 सेंटीमीटरचा रेक्टोसील असा, या क्षणी तयार झाला. 30 सेकंदांत पेस्टचा जेमतेम तिसरा भाग बाहेर आला होता. एवढ्या वेळात सुमारे दोन तृतीयांश बाहेर यावा, अशी ढोबळ अपेक्षा असते.

बाईंनी पुन्हा नेट लावला. सुमारे 50व्या सेकंदाला गुदद्वारापासून अंदाजे 7 सेंटीमीटर वर पुढच्या भिंतीला एक वळी पडली. ती वाढत जाऊन मागच्या भिंतीपर्यंत गोल फिरली आणि कडं तयार झालं. सदऱ्याची बाही आतल्या आत सरकते तशी वरची भिंत खालच्या भागात शिरली आणि गुदमार्गाच्या तोंडावर येऊन टेकली. तोंडावर टेकते ती तिसरी श्रेणी. गुदमार्गात शिरली तर चौथी, बाहेर आली तर पाचवी, म्हणजे उघड मलाशय भ्रंश. त्याहून वरच, मलाशयातच थांबणाऱ्या पहिल्या दोन.

घडीचं टोक तोंडावर टेकताक्षणी बाहेर येणारी पेस्ट थांबली. आणि इथेच ‘अजून आहे’ या भावनेचा उलगडा होतो. मल खाली आल्याची जाणीव गुदमार्गाच्या वरच्या भागातून होते. तिथे मलाऐवजी स्वतःच्या मलाशयाची भिंत येऊन टेकली, तरी मेंदूला निरोप तोच जातो. माणूस कुंथतो, कुंथल्याने घडी आणखी खाली येते, भावना आणखी तीव्र होते. सकाळच्या चार-पाच फेऱ्यांमधल्या बऱ्याचशा फेऱ्या या घडीला बाहेर ढकलण्याच्या होत्या.

शेवटी बाईंना शौचालयात पाठवून, परत बोलावून पुन्हा चित्रण केलं. आता मलाशय बरंच रिकामं होतं, आणि जोर लावल्यावर लहान आतड्याची वेटोळी योनी व मलाशय यांच्यामधून खाली उतरताना दिसली. हा एन्टेरोसील. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत तो जास्त आढळतो, आणि भरलेलं मलाशय जागा अडवून बसलेलं असतं तोवर तो दिसत नाही. हा शेवटचा टप्पा गाळला असता तर अहवालात तो आलाच नसता.

कारण कोणतं, परिणाम कोणता

चार दोष सापडले म्हणजे चारही दुरुस्त करायचे असं होत नाही. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणतीही तक्रार नसलेल्या तरुण स्वयंसेवकांची डिफेकोग्राफी केली होती. त्यातल्या बहुतेक स्त्रियांना लहानमोठा रेक्टोसील होता, आणि जवळजवळ निम्म्या लोकांत आतली घडी काही प्रमाणात दिसली. म्हणून चित्रातला दोष आणि रुग्णाची तक्रार यांची गाठ घालून पाहावीच लागते.

इथे चित्रफितीतला क्रम बोलका होता. आधी स्नायू सैल न पडणं, मग रेक्टोसील फुगणं, मग जादा जोर, मग घडी, सगळ्यात शेवटी लहान आतडं. म्हणजे पहिला अडथळा कार्याचा होता. रचनेतले दोष त्याच्यामागून येत होते. मात्र वर्षानुवर्षं कुंथल्याने भिंत सैल झालेली असू शकते, आणि ती आता स्वतःच अडथळा झाली असेल, हीही शक्यता उरतेच. एका चित्रफितीतून या दोन्हींचं प्रमाण ठरत नाही.

स्नायूंबाबत खात्री करायला आणखी दोन तपासण्या केल्या. मॅनोमेट्रीत, म्हणजे आत नळी घालून दाब मोजण्याच्या तपासणीत, जोर लावताना मलाशयातला दाब पुरेसा वाढत होता, पण गुदद्वाराचा दाब कमी होण्याऐवजी वाढत होता. नुसत्या मॅनोमेट्रीवर आम्ही विसंबत नाही. कुशीवर झोपून, नळी आत असताना तक्रार नसलेली माणसंही असंच करतात. पण 50 मिलिलिटर पाणी भरलेला फुगा बसून बाहेर टाकायला बाईंना दोन मिनिटांतही जमलं नाही. हे साधारण मिनिटभरात व्हायला हवं. चित्रफीत, दाब आणि फुगा, तिन्ही एकच सांगत होते.

समोरचे पर्याय

बाई आधीच एका सर्जनचं मत घेऊन आल्या होत्या: घडी तिसऱ्या श्रेणीची आहे, शस्त्रक्रिया करून टाकू. हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. लॅपरोस्कोपिक व्हेंट्रल रेक्टोपेक्सी ही त्यासाठीची नावाजलेली शस्त्रक्रिया आहे. मलाशयाची फक्त पुढची बाजू मोकळी करतात, तिला जाळी शिवतात आणि जाळीचं दुसरं टोक माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या कडेला घट्ट बसवतात. बाजूच्या नसांना धक्का कमी लागतो. आणि या प्रकरणात महत्त्वाचं म्हणजे घडी, रेक्टोसील व एन्टेरोसील या तिन्हींना एकाच वेळी आधार मिळतो. धोका जाळीचा. क्वचित ती योनीत किंवा मलाशयात घुसते आणि काढावी लागते.

गुदद्वारातून स्टेपलरने घडीचा भाग कापून काढण्याचा पर्यायही कोणीतरी सुचवला होता. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. एन्टेरोसील असताना मलाशयाच्या पुढच्या भिंतीमागे लहान आतडं असू शकतं आणि ते स्टेपलमध्ये सापडण्याची भीती असते. शेवटच्या चित्रणात एन्टेरोसील दिसला नसता तर हा पर्याय टेबलावर राहिला असता.

तिसरा पर्याय बायोफीडबॅक. स्नायू सैल सोडायला शिकवणं. रचना त्याने बदलत नाही.

आमच्यात मतभेद झाले. सर्जनचा मुद्दा होता की एवढी घडी प्रशिक्षणाने जात नाही, मग बाईंचे महिने का घालवायचे? फिजिओथेरपिस्टचं म्हणणं असं की दार आवळलेलं ठेवून भिंत वर टांगली तर कुंथणं चालूच राहील, आणि तोच ताण नव्या टाक्यांवर येईल. दोघांचंही खरं होतं. शेवटी निकाल लावला तो या विचाराने: प्रशिक्षण अपुरं ठरलं तर शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो आणि प्रशिक्षित स्नायूंचा शस्त्रक्रियेनंतरही उपयोग होतो. शस्त्रक्रिया आधी केली तर ती परत घेता येत नाही. उघड भ्रंश असता, सतत रक्त जात असतं किंवा मलावरचा ताबा सुटत असता, तर हा हिशेब वेगळा झाला असता.

केलेले उपचार

बायोफीडबॅकच्या सहा बैठका, दर दोन आठवड्यांनी एक. गुदद्वाराजवळच्या संवेदकाचा आलेख पडद्यावर दिसतो. पहिल्या बैठकीत बाईंनी जोर लावला तशी रेघ वर चढली. “ही रेघ खाली यायला हवी,” एवढंच सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या लेखी जोर लावणं म्हणजे सगळंच आवळणं होतं. मग पोट फुगवून श्वास घेणं, कमरेचा घेर रुंद करत हलका दाब देणं आणि त्याच वेळी खालचा भाग सोडून देणं, असं तुकड्यातुकड्याने शिकवलं. तिसऱ्या बैठकीत रेघ पहिल्यांदा खाली आली. त्यानंतर फुग्यावर सराव, आधी झोपून, मग बसून.

घरी चार नियम. पाय छोट्या स्टुलावर, गुडघे कमरेपेक्षा वर. शौचाला दहा मिनिटांहून जास्त बसायचं नाही. मल मऊ राहील एवढंच औषध, पातळ करणारं नाही. पुष्कळ फायबरने मल जाड होत होता म्हणून ते कमी केलं. आणि चौथा, सगळ्यात कठीण: मल येऊन गेल्यावर ‘अजून आहे’ वाटलं तर कुंथायचं नाही, उठायचं. ती घडी आहे, मल नाही. हे समजावताना आम्ही त्यांना त्यांचीच चित्रफीत दाखवली. 50व्या सेकंदाची ती वळी बाईंनी दोनदा मागे नेऊन पाहिली. “म्हणजे मी इतकी वर्षं स्वतःलाच ढकलत होते,” त्या म्हणाल्या.

परिणाम

सहा बैठकांनंतर बाई फुगा मिनिटभराच्या आत टाकू लागल्या. सकाळच्या फेऱ्या एक-दोनवर आल्या, रक्त थांबलं, बोटाने दाबण्याची गरज क्वचित पडू लागली. डिफेकोग्राफी पुन्हा केली. क्ष-किरणांमुळे ती उगाच करत नाही, पण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर ठरणार होता. या वेळी जोर लावल्यावर कोन 95 वरून 118 अंशांपर्यंत उघडला आणि 30 सेकंदांत दोन तृतीयांशाहून अधिक पेस्ट बाहेर आली. रेक्टोसील 2.5 सेंटीमीटरवर आला आणि शेवटी रिकामा झाला. घडी मात्र होती तशीच, तिसऱ्या श्रेणीची. फक्त ती आता मलाशय रिकामं झाल्यानंतर पडत होती, मल अडवत नव्हती. एन्टेरोसील पहिल्यापेक्षा मोठा दिसला. तो वाढला असं समजायचं कारण नव्हतं. मलाशय नीट रिकामं झाल्याने त्याला उतरायला जागा मिळाली होती.

केवळ अहवाल वाचला तर हे प्रकरण सुधारलेलं वाटणार नाही. घडीची श्रेणी तीच, एन्टेरोसील मोठा. पण बाईंचा त्रास बराच उतरला होता. उरलं होतं ते शौचानंतरचं जडपण आणि संध्याकाळी ओटीपोटात ओढ. ही दोन्ही लक्षणं घडी आणि एन्टेरोसीलशी जुळतात, आणि शस्त्रक्रियेने ती कमी होण्याची शक्यता आहे. सगळं मांडून सांगितल्यावर बाईंनी तूर्त शस्त्रक्रिया नको असं ठरवलं. वर्षभराने पाहिलं तेव्हा त्यांची स्थिती टिकून होती. आजारपणामुळे दोन महिने सराव सुटला तेव्हा फेऱ्या पुन्हा वाढल्या, आणि दोन बैठकांनंतर कमी झाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

‘बद्धकोष्ठता’ या एका शब्दाखाली मल आतड्यातून हळू सरकणं आणि दारापर्यंत येऊन अडकणं, दोन्ही झाकली जातात. मल मऊ असूनही कुंथावं लागतं का, हाताने दाबावं लागतं का, हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत झाले असते तर औषधांवरची वर्षं वाचली असती. कोलोनोस्कोपीतल्या पुढच्या भिंतीवरच्या लालीनेही तोच प्रश्न उभा करायला हवा होता.

एमआरच्या अहवालात जेल किती बाहेर पडलं हे लिहिलेलं नव्हतं. ते न पडल्यास तपासणी अपुरी म्हणून नोंदवून, रुग्णाला शौचालयात जाऊ देऊन पुन्हा चित्रं घेणं शक्य असतं. अहवाल वाचणाऱ्यानेही ‘घडी नाही’ हे वाक्य मानण्याआधी शेवटचं चित्र पाहून मलाशय रिकामं झालं का ते तपासावं.

माझ्या मते सर्वांत वादाचा मुद्दा शस्त्रक्रियेची वेळ हाच आहे. बाईंची घडी चौथ्या श्रेणीची असती, किंवा सहा बैठकांनंतर फुगा बाहेर टाकता येत असूनही मल अडकत राहिला असता, तर आम्ही आणखी थांबलो नसतो. स्नायू सैल पडत असताना जो अडथळा उरतो, तो रचनेचा असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला प्रशिक्षण पुरं पडत नाही. दुसरी डिफेकोग्राफी केली ती हेच पाहायला. बाईंना पुढे जडपण असह्य झालं, रक्त परत दिसलं किंवा मलावरचा ताबा ढिला पडला, तर रेक्टोपेक्सीची चर्चा पुन्हा उघडायची, हे त्यांच्याशी ठरलेलं आहे आणि त्यांच्या कागदांवर लिहिलेलंही आहे.